लाल खुणांची वाटणी

‘रक्तातली साखर कमी झाल्याचं जाणवल्यास अर्धा कप नियमित सोडा घ्यावा.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाचीही नाही. वाचणारा कुठे अडखळत नाही. पण ते छापलं गेलं असतं, तर मधुमेहाचा एखादा रुग्ण हातपाय लटपटत असताना सोडावॉटरची बाटली फोडून बसला असता. मूळ इंग्रजीत ‘रेग्युलर सोडा’ होतं. अमेरिकेत सोडा म्हणजे कोलासारखं गोड शीतपेय आणि ‘रेग्युलर’ म्हणजे डाएट नव्हे ते, साखर घातलेलं. आपल्याकडे सोडा म्हणजे बुडबुड्यांचं पाणी. ज्याला त्या घटकेला साखरच हवी, त्याला आम्ही पाणी पाजणार होतो. वर ‘नियमित’ या शब्दामुळे ते रोज प्यायचं आहे, असंही कुणी धरून चाललं असतं.

मी एका छोट्या अनुवाद कार्यालयात संपादनाचं काम करते. एका आरोग्यसंस्थेची, मधुमेहाच्या रुग्णांसाठी लिहिलेली ३,००० शब्दांची इंग्रजी पुस्तिका मराठीत करायची होती. काम दिलं होतं साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका अनुवादक बाईंना. त्या आमच्या नोकर नाहीत. शब्दामागे ठरलेल्या दराने घरून काम करतात, आमच्याखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणांसाठीही करतात. दोन वर्षांत त्यांनी आमची सात-आठ कामं केली होती आणि ती चांगली होती. हे काम चांगलं नव्हतं. मी तपासून संपवलं तेव्हा फाईलमध्ये १८६ लाल खुणा होत्या.

अशा वेळी आमच्या व्यवसायात दोन रीती सर्रास चालतात. एक म्हणजे सगळं निमूटपणे आपणच दुरुस्त करायचं, ‘छान झालंय, धन्यवाद’ असं कळवायचं आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं. नोकरीतल्या माणसाला निदान साहेबाच्या चेहऱ्यावरून काही कळतं, शेजारच्या टेबलावरून कुजबुज ऐकू येते. घरून काम करणाऱ्याला फक्त फोन यायचा थांबलेला कळतो. का थांबला, ते कधीच कळत नाही. दुसरी रीत म्हणजे लालेलाल फाईल ‘कृपया दुरुस्त्या पाहाव्यात’ एवढ्या एका ओळीसह परत पाठवायची. ही दिसायला प्रामाणिक वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. संगणकावर सगळ्या दुरुस्त्या एकाच लाल रंगात दिसतात. स्वल्पविराम हलवला तोही लाल आणि सोडा खोडला तोही लाल. समोरचा माणूस पहिल्या वीसेक खुणा मन लावून पाहतो, त्यांत ‘परंतु’चं ‘पण’ केलेलं दिसतं, आणि ‘या बाईंना माझं काहीच पटत नाही’ असं ठरवून फाईल बंद करतो. नव्वदाव्या खुणेपाशी असलेला सोडा त्याच्या नजरेला पडतच नाही.

म्हणून मी ती फाईल पाठवली नाही. आधी माझ्याच खुणा निवडायला बसले.

आधी आपलीच झाडाझडती

निवडायची रीत साधी आहे, वेळखाऊ मात्र आहे. प्रत्येक खुणेपाशी थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा बदल केला नसता, तर वाचकाचं काय बिघडलं असतं? उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘मूळ शब्द बरा वाटत नव्हता’ हे उत्तर नव्हे, ती आपली आवड झाली. या प्रश्नावर १८६ खुणांचे तीन ढीग झाले.

पहिला ढीग ९४ खुणांचा निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे सगळे माझ्या सवयीचे बदल होते. ‘करिता’चं ‘साठी’, ‘परंतु’चं ‘पण’, ‘आहार घेणे’चं ‘जेवणं’. एका ठिकाणी मी ‘दररोज’चं ‘रोज’ केलं होतं आणि चार पानांनंतर ‘रोज’चं ‘दररोज’. स्वतःचं हे हस्तलाघव पाहून मी चहा करायला उठले. परत आल्यावर ते सगळे बदल नामंजूर करून मजकूर होता तसा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण महत्त्वाचं. अनुवादकाला चूक आणि संपादकाची लहर यांत फरक करता आला नाही, तर तो पुढच्या वेळी चुका टाळायचं सोडून माझ्या लहरी ओळखत बसतो.

दुसरा ढीग ४१ खुणांचा. यांतले बदल आवश्यक होते, पण ते कसं हवं हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. पुस्तिकेत वाचकाशी ‘गोळी घ्या’ असं बोलायचं की ‘गोळी घ्यावी’ असं? आकडे देवनागरी की इंग्रजी? ‘ब्लड ग्लुकोज’ला ‘रक्तशर्करा’ म्हणायचं की ‘रक्तातली साखर’? बाईंनी एकेक पर्याय स्वतः निवडला होता, काही ठिकाणी दोन्ही वापरले होते. या ४१ खुणांचा दोष त्यांच्या पदरात घालणं म्हणजे माप न देता सदरा शिवायला टाकून शिंप्याशी भांडण्यासारखं झालं असतं.

उरला तिसरा ढीग: ५१ खुणा. या खऱ्या चुका. १८६ चुका केल्या म्हणून एखाद्याशी बोलणं आणि ५१ चुकांबद्दल बोलणं यांत केवढा फरक आहे! आणि हा फरक बाईंच्या कामातून आलेला नव्हता, माझ्या हातातल्या लाल पेनातून आलेला होता.

चुकीचं वजन आणि चुकीची जागा

या ५१ चुकासुद्धा एका मापाच्या नव्हत्या. अनुवादाच्या व्यवसायात चुका वजनाने मोजायची जुनी पद्धत आहे. बारीक चुकीला १ गुण, मोठ्या चुकीला ५, आणि जिच्यामुळे वाचकाच्या जिवाला किंवा पैशाला धोका पोचेल अशा चुकीला १० किंवा २५. नेमके आकडे ज्याने-त्याने आपापले ठरवले तरी चालतात. मुद्दा एवढाच की दहा अनुस्वार चुकणं हे एका सोड्याच्या बरोबरीचं नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे.

माझ्या हिशेबात ४० चुका बारीक होत्या. वेलांटी, सुटलेला शब्दयोगी अव्ययाचा तुकडा, दोनदा आलेला शब्द. मोठ्या चुका ९ होत्या आणि त्यांतल्या दोन सांगण्यासारख्या आहेत. तपासणीच्या आधी ‘रात्री आठ तास उपवास करा’ असं त्यांनी लिहिलं होतं. इंग्रजीतल्या ‘फास्टिंग’ला शब्दकोशात ‘उपवास’ हाच शब्द मिळेल. पण मराठी घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि केळं. असा ‘उपवास’ करून कुणी सकाळी रक्त द्यायला गेलं, तर साखरेचा आकडा भलताच येणार. तिथे ‘उपाशीपोटी’ हवं, आणि आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हेही लिहायला हवं. दुसरी चूक याहून बारीक दिसते. मुळात होतं, बरं वाटू लागलं तरी औषध थांबवू नका. मराठीत आलं होतं, ‘बरं वाटल्यास औषध बंद करू नका.’ ‘तरी’च्या जागी ‘वाटल्यास’ आलं आणि बजावून सांगण्यातला सगळा जोर गेला.

अतिगंभीर चुका दोन. एक सोड्याची. दुसरी चूक म्हणजे एक वाक्य गळालंच होतं: रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात खाण्यापिण्याचं काहीही घालू नका. हे गळलेलं वाक्य नुसतं मराठी वाचून कधीच सापडलं नसतं, कारण त्याच्या मागचं-पुढचं व्यवस्थित जुळत होतं. मूळ आणि अनुवाद शेजारी-शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली, तेव्हा ते दिसलं. भाषांतर सेवांचं २०१५ सालचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७१००. त्यात हेच दोन टप्पे आवश्यक मानले आहेत: अनुवादकाने आपलं काम आधी स्वतः तपासायचं आणि मग दुसऱ्या माणसाने ते मुळाशी ताडून पाहायचं.

वजन करून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट पाहिली: चुका कुठे आहेत? ५१ पैकी ३८ चुका शेवटच्या हजार शब्दांत होत्या. अतिगंभीर दोन्ही तिथेच.

बोलायच्या आधी ही जागा पाहणं फार उपयोगाचं असतं, कारण चुकांच्या जागेवरून कारणाचा अंदाज येतो. चुका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्या पसरल्या असतील, तर माणसाची कुवत किंवा मजकुराची समज कमी पडते आहे. फक्त पारिभाषिक शब्दांपाशी असतील, तर शब्दसूची नव्हती किंवा विषय नवा होता. एकाच घाटाच्या वाक्यात पुन्हापुन्हा होत असतील, समजा लांब इंग्रजी वाक्य आलं की मराठी विस्कटतं, तर ती एक सवय आहे आणि ती एका उदाहरणाने सुटू शकते. आणि चुका शेपटाला गोळा झाल्या असतील, तर घाई झाली आहे. या चार रोगांना चार औषधं आहेत. ‘दर्जा घसरला आहे, काळजी घ्यावी’ हे वाक्य त्यांतल्या एकावरही चालत नाही.

मी आमचा पत्रव्यवहार उघडला. पुस्तिकेचे शेवटचे हजार शब्द संस्थेकडून आम्हाला उशिरा मिळाले होते. आम्ही ते बाईंना मंगळवारी रात्री पाठवले होते. काम द्यायची तारीख मात्र तीच ठेवली होती, बुधवार सकाळ.

फोन आधी, फाईल नंतर

कामातल्या मोठ्या चुकांबद्दल मी आधी फोन करते. लिखाणात आवाज नसतो. ‘सोडा या शब्दाकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनातला आवाज घेऊन येतं, आणि आपलं काम चुकलंय असं आधीच वाटत असेल तर तो आवाज रागावलेलाच असतो.

पण फोनवर आपण मराठी माणसं दुसरी चूक करतो. भिडेपोटी बोलणं इतकं मऊ करतो की त्यातला खडा लागतच नाही. ‘तसं छानच झालंय हो, फक्त शेवटी जरा हात फिरवायला हवा’ असं म्हटलं की ऐकणारा ‘छान’ तेवढं घेऊन जातो. ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘तेवढं बघून घ्या’ हे शब्द चुकीचं वजन उतरवतात, आणि आधी केलेलं सगळं मोजमाप वाया जातं. म्हणून मी पहिली तीन वाक्यं कागदावर लिहूनच फोन लावला.

“ताई, पुस्तिकेबद्दल बोलायचंय. वीस मिनिटं लागतील. आत्ता वेळ आहे का, की संध्याकाळी करू?”

“आत्ता चालेल. काही बिघडलंय का, मॅडम?”

“हो. पहिले दोन हजार शब्द नेहमीसारखे आहेत. शेवटच्या हजारात दोन जागा अशा आहेत, की छापल्या तर रुग्णाला धोका आहे. त्या आधी बघू, मग कारण शोधू. तुमच्यासमोर फाईल आहे ना? साखर उतरल्यावर काय करायचं, ते वाक्य वाचता का?”

त्यांनी वाचलं.

“हे वाचून तुमच्या शेजारच्या आजी काय करतील?”

“दुकानातून सोड्याची बाटली...” त्या थांबल्या. “अगं बाई! यात साखर कुठेय?”

चूक मी सांगितली नाही, वाचकाला त्यांच्यासमोर उभं केलं. ‘तुम्ही रेग्युलरचं भाषांतर चुकवलंत’ असं म्हटलं असतं, तर बोलणं त्यांच्या इंग्रजीवर गेलं असतं आणि त्यांना इंग्रजी येतं हे सिद्ध करण्यात दहा मिनिटं गेली असती. शेजारच्या आजींचं नाव काढल्यावर आम्ही दोघी एका बाजूला झालो आणि वाक्य समोर राहिलं. हा प्रश्न विचारता यावा, म्हणूनच खुणा निवडताना ‘वाचकाचं काय बिघडलं असतं?’ हे आधी विचारून ठेवायचं असतं.

मग कारणाकडे वळले. इथेही शब्द जपून वापरावे लागतात. ‘असं कसं झालं?’ हा मराठीत प्रश्न नसतो, तो ठपका असतो. मी विचारलं, “शेवटचा भाग तुम्ही नेमका कधी केलात?”

“मंगळवारी रात्री साडेनवाला आला. घरी पाहुणे होते. ते झोपल्यावर बसले, दोनला संपवलं. परत वाचायचं राहून गेलं.”

“मुदत वाढवून का नाही मागितलीत?”

“मागितली तर पुढचं काम येत नाही, मॅडम. एका ठिकाणी आलाय तो अनुभव.”

या एका उत्तराने मला कळलं, की आमच्याकडे मुदत वाढवून मिळते, हे आम्ही त्यांना दोन वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, “उशीर आमच्याकडून झाला, तारीख आम्ही हलवायला हवी होती. पण न वाचता फाईल पाठवलीत हा तुमचा भाग. ‘शेवटचा भाग तपासलेला नाही’ एवढी ओळ लिहिली असतीत तरी मी सावध झाले असते.”

आपली चूक कबूल करताना समोरच्याची चूक पुसून टाकायचा मोह होतो, कारण त्याने वातावरण पटकन हलकं होतं. पण मग त्या माणसाने पुढच्या वेळी वेगळं काय करायचं, ते हवेतच राहतं. दोन्ही वाटे वेगवेगळे आणि नावानिशी सांगितले की ते पचतात.

स्तुतीचंही तसंच. कडू गोळी गुळात गुंडाळून द्यावी म्हणून सुरुवातीला आणि शेवटी गोड बोलायची पद्धत आहे. सरावलेला माणूस गूळ आला की गोळी ओळखतो आणि पुढच्या वेळी खऱ्या कौतुकावरही त्याचा विश्वास बसत नाही. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली. साखर उतरल्याची लक्षणं सांगताना त्यांनी ‘दरदरून घाम फुटणं’ असं लिहिलं होतं. तिथे ‘अतिरिक्त घर्मस्राव’ असं लिहिणारे बरेच आहेत. “ते वाक्य मी तसंच ठेवलंय. शेवटच्या भागालाही हीच भाषा हवी,” असं म्हटलं. यात कौतुक होतं, पण त्याचं काम नमुन्याचं होतं. काय टाळायचं हे चुकांवरून कळतं, कसं करायचं हे त्यांच्याच चांगल्या ओळीवरून कळलं.

लिहून काय द्यायचं

फोननंतर तासाभरात मी पत्र पाठवलं. बोललेलं विसरतं किंवा आपल्या सोयीने आठवतं, म्हणून ते लिहून ठेवायचं. पण फोनवर न बोललेली एकही नवी चूक त्यात घालायची नाही. पत्र असं होतं:

‘ताई, सकाळचं बोलणं लिहून ठेवते. सोबतच्या फाईलमध्ये ११ जागा पिवळ्या केल्या आहेत. फक्त तेवढ्याच पुन्हा करा. प्रत्येकीपाशी वाचकाचा काय गैरसमज होईल ते लिहिलं आहे. नवं वाक्य तुम्हीच सुचवा. बारीक चुका मी दुरुस्त केल्या आहेत. त्यांची फाईल वेगळी जोडली आहे, ती केवळ पाहण्यासाठी. आकडे, संज्ञा आणि ‘घ्या/घ्यावे’ यांबद्दलच्या सूचना आम्ही आधी द्यायला हव्या होत्या. एक पानाची यादी आता तयार केली आहे. ती पुढच्या कामापासून लागू. यापुढे वेळ अपुरा वाटला तर मध्येच कळवा, काम काढून घेतलं जाणार नाही. बिल ठरल्या तारखेला पूर्ण मिळेल. ११ जागांसाठी मंगळवार संध्याकाळ चालेल का?’

पिवळ्या जागा अकराच का? कारण मोठ्या नऊ आणि अतिगंभीर दोन. दुरुस्ती करून तयार वाक्य दिलं की अनुवादक ‘मंजूर’चं बटण दाबून मोकळा होतो, शिकत काहीच नाही. सगळ्या ५१ जागा त्यांच्याकडूनच करून घ्यायच्या म्हटलं, तर ती शिक्षा होते. जिथे विचार चुकला तिथे त्यांनी पुन्हा विचार करावा, आणि जिथे बोट घसरलं तिथे मी पुसून घ्यावं, अशी ही वाटणी.

पत्रातलं बिलाचं वाक्यही मुद्दाम घातलेलं होतं. बाहेरून काम करणाऱ्याच्या मनात चुकांची चर्चा सुरू झाली की दुसरा विचार पैशाचा येतो: आता कापणार का? ते स्पष्ट होईपर्यंत बाकीचं काही नीट ऐकू येत नाही. आमचा नियम असा आहे की स्वतःच्या चुकीची एकदा दुरुस्ती ठरलेल्या दरातच करायची. आमच्या सूचना बदलल्या किंवा अपुऱ्या होत्या म्हणून पुन्हा काम करावं लागलं, तर त्याचे वेगळे पैसे. म्हणून दुसऱ्या ढिगातल्या ४१ जागा मी त्यांना फुकट करायला सांगितल्या नाहीत. दर कापायचा असेल, तर कधी आणि किती हे काम देतानाच लिहिलेलं असावं. चूक सापडल्यावर ठरवलेली कपात ही सूड वाटते, मग ती दहा रुपयांची का असेना.

जिथे हे चालत नाही

सगळ्यांशी सगळं असं जुळून येत नाही. कारण सांगून, उदाहरण देऊन दोनदा दाखवलेली मोठी चूक तिसऱ्यांदा आली, तर आणखी समजावण्यात अर्थ नसतो. फाईलचा पूर्वार्ध एका हातचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या हातचा वाटला, म्हणजे एकाच संज्ञेचे दोन अनुवाद, दोन प्रकारची विरामचिन्हं दिसली, तर काम परस्पर तिसऱ्याला दिलं गेलं आहे का, हे सरळ विचारावं. आणि चुका पानापानावर सारख्या असतील, तर बहुधा आपण त्या माणसाला भलतंच काम दिलेलं असतं. पाककृती उत्तम करणारा अनुवादक करारनाम्यात बुडतो. त्याला पोहायला शिकवत बसण्यापेक्षा पाककृती द्याव्यात.

थांबायचंच ठरलं, तरी ते सांगून थांबावं. ‘वैद्यकीय कामं आम्ही यापुढे तुम्हाला देणार नाही, या तीन जागांमुळे, इतर विषयांचं काम आलं तर विचारू’ एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. आणि गमावणं दुसऱ्या बाजूनेही होतं, हे विसरू नये. चांगला अनुवादक भांडून जात नाही. तो आधी प्रश्न विचारायचं बंद करतो, मग ‘सध्या जरा कामात आहे’ म्हणतो. प्रश्न थांबले की समजावं, माणूस मनाने निघाला आहे.

मंगळवारची फाईल

आमच्या बाईंची फाईल मंगळवारी दुपारीच आली. अकरापैकी नऊ जागा जशाच्या तशा घेण्यासारख्या होत्या. एक मी किंचित बदलली. अकरावी सोड्याची होती. फोनवर मी त्यांना ‘साखरेचं शीतपेय’ असं सुचवून बसले होते, स्वतःच घालून घेतलेला ‘वाक्य तुम्हीच सुचवा’ हा नियम मोडून. त्यांनी ते घेतलं नव्हतं. शेजारी टिपण होतं:

‘मॅडम, “साखरेचं शीतपेय” वाचून शेजारच्या आजी फ्रिज उघडतील. त्यांच्याकडे फ्रिज नाही. घरात साखर असते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, असं लिहिलं तर? पण हे मुळात नाही, म्हणून विचारते.’

अनुवादकाला मूळ मजकुरात परस्पर भर घालता येत नाही, औषधोपचाराच्या बाबतीत तर मुळीच नाही. म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं, विचारलं होतं. मी प्रश्न जसाच्या तसा संस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवला. साखर उतरल्यावर साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा गोड पदार्थ चटकन द्यायचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा मूळ नियम. तीन सपाट चमचे साखर त्याच्या आसपास जाते. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मराठी आवृत्तीत शीतपेयाच्या आधी साखरपाणी आलं.

महिन्याभराने मी त्यांना सहाशे शब्दांचं पत्रक पाठवलं, त्याच विषयाचं. मुदत तीन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला: “‘बेडटाइम स्नॅक’ला काय लिहू? नाश्ता म्हटलं तर लोक सकाळी खातील. आणि मॅडम, एक दिवस जास्त मिळेल का?”

मी दोन दिवस दिले.